बाजूच्या वस्तीतून येऊ नका

माझ्या मोबाईलमध्ये एक मेसेज जपून ठेवलेला होता. लातूरच्या घरी काही मागवलं की सामान पोचवणाऱ्याचा फोन येई, मी तोच मेसेज उचलून त्याला पाठवी. ॲपमध्ये पत्ता इंग्रजीत असे, प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर, पिनकोड असा, आणि त्या पत्त्यावरून आमच्या भागात आजवर कोणी घर शोधल्याचं मला आठवत नाही. म्हणून हा मराठीतला. तो असा होता:

"नमस्कार. औसा रोडने आत या. पाण्याच्या टाकीपासून डावीकडे वळा, दत्त मंदिर लागेल. मंदिर उजव्या हाताला ठेवून सरळ शेवटपर्यंत या. पिवळं घर, काळं गेट, दारात कडुलिंब. सापडलं नाही तर मंदिरापाशी थांबून खालच्या नंबरवर फोन करा. बाजूच्या वस्तीतून येऊ नका, रस्ता बंद आहे."

खाली माझा नंबर. मी नोकरीला नांदेडला, वडील गेल्यावर घरात राहणार एकटी आई, तिच्याकडे तिचा स्वतःचा फोन होता, तरी नंबर माझा. हे का, ते पुढे येईलच. मेसेजमधलं शेवटचं वाक्य खोटं होतं, ते आधी सांगतो.

वस्तीतला रस्ता बंद नव्हता. सिमेंटचा, टेम्पो सहज जाईल एवढा रुंद. मोठ्या रस्त्यावरून कमानीतून आत शिरलं की विहार, विहारापुढे हातपंप, आणि हातपंपापासून पन्नास पावलांवर आमच्या घराचा मागचा दरवाजा. मी त्याच वस्तीत जन्मलो. वडील धान्याच्या मोंढ्यात हमाल होते, आई डाळमिलमध्ये डाळ निवडायची. दहावीचा अभ्यास मी विहाराच्या ओट्यावर केला, कारण लाईट तिथे चांगला होता. नोकरी लागल्यावर वस्तीच्या अगदी कडेची जागा घेतली आणि घर बांधलं. पलीकडे नवीन लेआऊट पडत होता. गवंड्याने विचारलं, तोंड कुणीकडे करायचं. मी म्हटलं, तिकडे. लेआऊटकडे. आईला सांगितलं की तिकडून वारा चांगला येतो.

 आईने एवढंच केलं की मागच्या दरवाजाला ओटा बांधून घेतला आणि ती कायम तिथे बसू लागली. आल्यागेल्याशी तिथून बोलायची. पौर्णिमेला वंदनेला तिथूनच जायची. विहाराची किल्ली चार बायकांकडे आठवड्या-आठवड्याने फिरायची, त्यातली ती एक. पुढचं काळं गेट सामान आलं तरच उघडायचं, एरवी त्याला कुलूप असे आणि त्याच्या कड्या गंजत.

मेसेजची सुरुवात कशी झाली तेही सांगतो, माझी बाजू मांडायला नाही, झालं तसं. घर नवीन असताना फ्रीज मागवला होता. टेम्पोवाल्याचा फोन आला, कुठे यायचं. मी सरळ सांगितलं, कमानीतून आत, विहाराशेजारी.  तो म्हणाला, "तिकडं आत गाडी येत न्हाई साहेब. रोडवर या, उतरवून देतो." मी म्हटलं, रस्ता मोठा आहे, सिमेंटचा आहे. तो म्हणाला, "असंल. आम्ही आत येत न्हाई." मी आणि वस्तीतली दोन पोरं, आम्ही तिघांनी तो फ्रीज कमानीपासून हातगाड्यावर आणला. पुढच्या वेळी वॉशिंग मशीन आलं तेव्हा मी मंदिर सांगितलं. टेम्पो गेटापर्यंत आला, त्या माणसाने मशीन आत ठेवलं, नळ जोडून दिला, आणि आईच्या हातचं पाणी पिऊन गेला. मला त्यात जिंकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी संध्याकाळी बसून मी तो मेसेज लिहिला, आणि खाली नंबर माझा टाकला, कारण आईने कमानच सांगितली असती.

नंतर ॲपमध्ये नकाशावरची खूणही सरकवली. ती आपोआप विहारावर पडत होती. मी अंगठ्याने ओढून ती मंदिराकडे नेली आणि सेव्ह केली.

ऑफिसात माझी जात सगळ्यांना माहीत आहे. ती सेवापुस्तकात आहे, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत आहे, लपवण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. मी लपवत होतो ती वस्ती. आपण तिथून निघालो आहोत, पोचलो आहोत, हे मला दाखवायचं होतं, आणि ज्याला दाखवायचं तो दर वेळी कोणीतरी अनोळखी, दोन मिनिटांसाठी दारात येणारा माणूस असे.

आईचे हात थरथरू लागले त्याला आता चार वर्षं झाली. कंपवात. डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं होतं की गोळ्या ठरल्या वेळी पोटात गेल्या तर या स्वतःचं स्वतः करतील, एकट्या राहू शकतील. चुकल्या तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतील, तोल जाईल. आईला नांदेडला यायचं नव्हतं. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी ती दोनदा राहून गेली होती आणि दोन्ही वेळा आठ दिवसांत परत. "तुझ्या इथं दार उघडलं की भिंत हाय," असं म्हणायची. तिला तिच्या ओट्यावर राहायचं होतं, आणि ते सगळं त्या गोळ्यांवर होतं. त्यामुळे गोळ्यांचं काम मी स्वतःकडे घेतलं. दर महिन्याला ऑनलाईन मागवायच्या, लातूरच्या पत्त्यावर.

गेल्या पावसाळ्यात त्या ताकदीच्या गोळीचा तुटवडा झाला. आईच्या शेजारणीने तीन दुकानं विचारली, कुठेच नव्हती. ऑनलाईन मिळाली, पण यायला वेळ लागणार होता. पाकिटातल्या शेवटच्या गोळ्या आई अर्ध्या करून घेत होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटत होतं बुधवारपर्यंत पुरतात आणि पार्सल बुधवारीच येतंय.

त्याच आठवड्यात लेआऊटच्या बाजूला भुयारी गटाराचं काम निघालं. गुत्तेदाराने मंदिरापासून आमच्या गेटापर्यंतचा रस्ता उकरून ठेवला. आईने फोनवर सांगितलं होतं. पुढच्या दाराने आपण येत-जातच नाही म्हणत ती हसलीही होती. माझ्या डोक्यात तो मेसेज आला नाही. खरं तर आला. बदलावा लागेल असं वाटलं, आणि मी ते उद्यावर टाकलं, कारण बदलायचा म्हणजे काय लिहायचं ते मला माहीत होतं.

बुधवारी दुपारी आम्ही ऑफिसात चहा घेत होतो. समोर माझा एक सहकारी होता, त्याने माझ्याच शब्दावर त्या लेआऊटमध्ये प्लॉट घेतलेला. घेताना त्याने आडून आडून विचारलं होतं की जवळ वस्ती आहे म्हणे, आणि मी म्हटलं होतं, आहे, पण लांब पडते, आपला संबंध येत नाही. "आपला" असंच म्हणालो होतो.

फोन वाजला. पार्सलवाला होता. सकाळीच मी त्याला मेसेज पाठवला होता. आवाज चाळिशीतल्या माणसाचा, बोलण्यात देगलूरकडची तेलुगू मिसळलेली लकब.

"सर, मंदिरापाशी उभा राहून राहिलो. पुढं तर समदं उकरून ठेवलंय."

मी म्हटलं, हो, काम चालू आहे.

"इथला किराणावाला म्हणून राहिलाय, वस्तीतून मोकळा रस्ता हाय. पण तुमच्या मेसेजमधी तो बंद लिव्हलाय. म्हंजे बंद रस्ता चालू हाय अन् चालू रस्ता बंद हाय, असं झालंय का?" आणि तो हसला. चेष्टा वाईट नव्हती. कोणीही हसलं असतं.

सहकारी माझ्याकडे बघत होता, सहज, चहाचा कप हातात धरून. घरी काही गडबड आहे का असं त्याने खुणेने विचारलं. मला म्हणायचं होतं तीन शब्दांत: कमानीतून विहाराकडे या. तीनच शब्द. त्याऐवजी मी म्हणालो, "नाही, तो रस्ता बंदच आहे. तुम्ही तिथेच थांबा, मी घरातून कोणाला तरी पाठवतो."

"हाव सर. पाच मिनिटं थांबतो, माझ्याकडं अजून तीस पार्सल हायत."

घरात "कोणी तरी" नव्हतं. आई होती.

मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला. म्हटलं, गोळ्या आल्यात, माणूस मंदिरापाशी उभा आहे, जाऊन घेऊन ये. ती म्हणाली, "त्याला इकून ये म्हन की बाबा, कमानीतून. मी ओट्यावरच बसलेय." मी म्हटलं, त्याला तो भाग माहीत नाही. ती म्हणाली, "कमान बी माहीत न्हाई? येवढी निळी कमान हाय." मी आवाज चढवला. म्हटलं, आई, तो निघून जाईल, पार्सल परत गेलं तर आठ दिवस गोळ्या मिळणार नाहीत, दोन मिनिटांचं काम आहे. ती म्हणाली, बरं.

मग मी आत येऊन उरलेला चहा प्यायलो.

पुढे काय झालं ते मला पार्सलवाल्याने सांगितलं. काळं गेट उघडायला आईला वेळ लागला, कड्या गंजल्या होत्या. गेटापुढे चर होता आणि त्यावर कामगारांनी येण्याजाण्यासाठी एक फळी टाकलेली. रात्री पाऊस झाला होता. तो पलीकडून बघत होता. आई फळीपाशी येऊन थांबली. तिचे पाय उचलत नव्हते हे त्याला कळलं, कारण ती जागच्या जागी पावलं टाकायचा प्रयत्न करत होती. तो ओरडला, अम्मा थांबा, मी येतो. त्याने गाडी स्टँडवर लावली तेवढ्यात तिने फळीवर पाय ठेवला होता.

माझा फोन पुन्हा वाजला तेव्हा मी आधी समजलो की पार्सल मिळालं असेल. तो म्हणाला, तुमची आई चरात पडली, आम्ही वर काढली, खुब्यात लागलंय, पाय हलवू देईना. मागे बायकांचा आवाज येत होता. वस्तीतल्या बायका धावून आल्या होत्या. कुठून, ते सांगायला नको. रिक्षाही कमानीतूनच आत आली, आमच्या मागच्या दारापर्यंत.

मी निघतो म्हणालो. तो थोडं अडखळला, मग म्हणाला, "सर, एक सांगा. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या फोनवर नंबर आलाय ना, ओटीपी, तेवढा सांगा. त्याच्याबिगर मला पार्सल देता येत न्हाई. इथल्या मावशी म्हणून राहिल्या की अम्माच्या गोळ्या ह्याच्यातच हायत." कळवळणाऱ्या आईला रिक्षात बसवताना त्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत गोळ्या होत्या, आणि त्या द्यायला माझी परवानगी लागत होती. मी मेसेज उघडून चार आकडे वाचून दाखवले. त्याने ते परत म्हणून घेतले, धन्यवाद म्हणाला.

नांदेडहून लातूरला एसटीने साडेतीन तास लागले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं. आईच्या खाटेशी माझी चुलती बसली होती. ती विहारासमोर राहते, आईच्याच वयाची, मिलमध्येही दोघी एका रांगेत बसायच्या. मला बघून ती उठली नाही.

संध्याकाळी उशिरा पार्सलवाला आला. उरलेली पार्सलं पोचवून, गणवेशाच्या शर्टावर तसाच चिखल. हातात दोन मोसंब्या. आईने त्याला ओळखलं, जवळ बसवलं, गाव विचारलं, लेकरं किती ते विचारलं. दुखत असताना तिला हे सगळं सुचत होतं. मग सहज, माझ्यादेखत, तिने विचारलं, "बाबा, तू कमानीतून कावून न्हाई आलास? माझं लेकरू म्हनलं, तुला तो भाग माहीत न्हाई."

तो म्हणाला, "माहीत हाय की अम्मा. पलीकडच्या गल्लीत रोज येतो. मेसेजमधी लिव्हलं होतं, तिकून येऊ नका."

"काय लिव्हलं होतं? वाच बघू."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणू शकलो असतो, म्हणालो नाही, आणि ते धैर्य नव्हतं. त्याने मोबाईल काढला. तो मराठी सावकाश वाचणारा माणूस होता, एकेका शब्दाखाली बोट धरून. टाकी, मंदिर, पिवळं घर, काळं गेट, कडुलिंब. आई ऐकत होती, प्रत्येक खुणेला मान हलवत होती, बरोबर आहे, बरोबर आहे अशी. मग त्याने शेवटचं वाक्य वाचलं. वाचताना त्याचा आवाज खाली गेला, कारण शब्द तोंडात असतानाच त्याला उमगलं असावं.

आईने मान हलवायची थांबवली.  चुलतीने पदर तोंडाला लावला.

"बाजूची वस्ती," आई म्हणाली. "कुनाच्या बाजूची रं?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी करू लागलो.

"मी सकाळी किल्ली घेऊन विहार झाडलाय. तवा मी कुठं होते, बाजूला?"

मी म्हटलं, आई, फ्रीजच्या वेळी काय झालं होतं, आठवतं ना. ती लोकं येत नाहीत, म्हणून. ती म्हणाली, "ती येत न्हाईत ते त्यांच्यापाशी. तू रस्ता बंद केलास." एवढंच. नंतर ती पार्सलवाल्याकडे वळली आणि त्याला मोसंबी सोलायला लावली, त्यातल्या चार फोडी त्यालाच परत दिल्या. तो जाताना मला म्हणाला, "सर, मला फोनवर खरं सांगितलं असतं तर मी आलो असतो. मला काय हाय त्याचं." तो कुठल्या जातीचा होता ते मला आजही माहीत नाही. त्याच्यासाठीच मी ते वाक्य लिहिलं होतं आणि त्याला त्याची गरज नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. पण कंपवात असलेल्या माणसाचं चालणं असल्या पडण्यानंतर पूर्ण परत येत नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत, आणि सोबत कोणीतरी कायम. एकटीने राहणं संपलं. मी नांदेडला तळमजल्यावर भाड्याची जागा बघितली, खाट घेतली, संडासात धरायला दांडे बसवून घेतले. हे सगळं मी फार झपाट्याने केलं. दांडे भिंतीत पक्के बसले की नाही ते स्वतः लोंबकळून बघितलं.

दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी आई म्हणाली, ती चुलतीकडे राहणार. मी समजावलं, बायकोने समजावलं. चुलतीची एकच खोली मोकळी, तिची सून आधीच सगळ्यांचं करते. आई म्हणाली, सुनेला विचारलंय. मग मी म्हटलं, निदान आपल्या घरात राहा, मी बाई ठेवतो. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या घराला पत्ता तुझा हाय. मला न्हाई ऱ्हायचं तिथं." रागाने म्हणाली असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं.

ती आता विहारासमोर राहते. मेसेज ती पडली त्याच दिवशी काढून टाकला होता, नकाशावरची खूणही परत ओढून नेली, पण आता तिचा काही उपयोग नाही. गोळ्या चुलतीची सून मागवते. पत्ता सांगायचा तो सून सांगते, आणि फोन येतो तो आईच्या नंबरवर. गोळ्या पोचल्या की नाही हे मला विचारावं लागतं. पोचल्या, आई म्हणते. महिन्यातून दोनदा मी जातो. मी जेवलो का हे ती आधी विचारते. ऑफिसचं विचारते, नातवंडांचं विचारते. पूर्वी मी निघताना ती विचारायची, परत कधी येशील. ते आता विचारत नाही.

रजेनंतर ऑफिसात परत रुजू झालो त्या दिवशी त्या सहकाऱ्याने चौकशी केली. चांगला माणूस आहे, मधल्या काळात नांदेडला माझ्या मुलांसाठी डबाही पाठवत होता. म्हणाला, कशा पडल्या हो आई, बाथरूममध्ये घसरल्या का, या वयात तेच होतं.

मी म्हटलं, हो, बाथरूममध्येच.